बचत कुणाच्या खात्यात, काम कुणाच्या माथी?

नवी संगणक प्रणाली सुरू होऊन सात-आठ महिने झाले, की ठरलेली बचत पदरात पडली का, हे पाहण्यासाठी एक आढावा बैठक बसते. कॉस्ट अकाउंटंट म्हणून मी अशा बैठकांना अनेक वर्षे बसत आलो आहे, आणि तिथला वाद बहुतेक वेळा एकाच वळणाने जातो. प्रणाली बसवणारे लोक रोज किती व्यवहार सुरळीत होतात याचे आकडे दाखवतात. वापरणारे लोक पूर्वी दहा मिनिटांत होणारे काम आता अर्धा तास खाते अशी तक्रार करतात. मग चर्चा सॉफ्टवेअर चांगले की वाईट, प्रशिक्षण पुरेसे होते की नव्हते, या दिशेने सरकते आणि शेवटी काही दुरुस्त्यांची यादी करून बैठक उठते. ज्या आकड्यावर मंजुरी मिळाली होती, म्हणजे वर्षाला इतके रुपये वाचतील असे ज्या कागदावर लिहून दिले होते, तो कागद टेबलावर आलेला मी क्वचितच पाहिला आहे. आला तरी त्यातला आकडा अर्थसंकल्पातल्या एका ओळीशी ताडून पाहतात आणि ती ओळ खाली आली असेल तर ‘बचत झाली’ अशी नोंद करून मोकळे होतात.

ही पद्धत मुळातच चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. लाभाच्या आढाव्यात आधी काम मोजायला हवे, पैसा त्यानंतर. जे काम कमी होणार होते ते खरोखर नाहीसे झाले, की दुसऱ्या कुणाच्या टेबलावर गेले, की कुणीच न केल्यामुळे साचत राहिले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय खर्चाच्या ओळीतली घट म्हणजे बचत असे म्हणता येत नाही. यातूनच दुसरी गोष्ट येते. असा आढावा होण्याआधी माणसे कमी करून किंवा अनुदान कापून बचत वसूल करण्याची जी प्रथा आहे, ती आढावाच निकामी करते. या दोन्ही गोष्टी ज्या एका प्रकरणात अगदी उघड दिसतात ते कॅनडाच्या केंद्र सरकारचे आहे, आणि तिथल्या महालेखापरीक्षकांच्या २०१७ आणि २०१८ च्या अहवालांमुळे त्याचे तपशील सर्वांसमोर आहेत.

कॅनडा सरकार त्या काळात सुमारे २ लाख ९० हजार कर्मचाऱ्यांना पगार देत होते. पगाराची जुनी प्रणाली चाळीस वर्षांची झाली होती आणि ती बदलणे भागच होते, याबद्दल कुणाचे दुमत नव्हते. २००९ मध्ये मंजूर झालेल्या योजनेचे दोन भाग होते. पहिला भाग असा, की ४६ खात्यांत विखुरलेले पगाराचे काम न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मिरामिची या छोट्या शहरातील एका केंद्रात आणायचे. दुसरा भाग म्हणजे ‘फिनिक्स’ नावाची नवी प्रणाली, जी शंभराहून अधिक सरकारी खाती आणि संस्था वापरणार होत्या. एकूण अंदाज सुमारे ३१ कोटी कॅनेडियन डॉलरचा होता आणि २०१६-१७ पासून दरवर्षी ७ कोटी डॉलर वाचतील असे आश्वासन होते. हा ७ कोटींचा आकडा आला कुठून? मुख्यतः माणसांतून. या ४६ खात्यांत मिळून वेतन-सल्लागारांच्या सुमारे १,२०० जागा होत्या. पगाराची फाइल समजून घेऊन भत्ते, बढती, रजा, बदली यांचे हिशेब बसवणारे हे अनुभवी कर्मचारी. त्या जागा रद्द करून मिरामिचीत ४६० सल्लागार आणि ९० साहाय्यक कर्मचारी, म्हणजे एकूण ५५० माणसे नेमली गेली. एक सल्लागार पूर्वी सरासरी १८४ कर्मचाऱ्यांचा पगार सांभाळत असे आणि फिनिक्स आल्यावर तो ४०० जणांचा सांभाळेल, या एका गृहीतकावर सगळी बचत उभी होती.

हे गृहीतक आढाव्यासाठी सोन्यासारखे होते, कारण ते मोजता येते. एका माणसामागे किती फायली सुटतात, हे कोणत्याही महिन्यात, कोणत्याही केंद्रात मोजता आले असते. मिरामिचीचे केंद्र फिनिक्सच्या आधीच सुरू झाले होते. तिथे आलेले बरेचसे लोक नवे होते, कारण जुने अनुभवी सल्लागार घरदार सोडून त्या शहरात जायला तयार नव्हते. नवी प्रणाली येण्याआधीच तिथली कामगिरी अपेक्षेखाली गेली होती आणि फायली साचू लागल्या होत्या. ४०० च्या गृहीतकाचा पाया खचल्याचा पुरावा असा हाताशी असूनही तो बचतीच्या आकड्याला भिडवला गेला नाही. प्रणालीतूनच काय काय वगळले गेले, हेही त्या आकड्याला भिडवले नाही. २०१२ मध्ये ठेकेदार आयबीएमने प्रणाली उभारण्याचे काम २७.४ कोटी डॉलरचे असल्याचे सांगितले, तर एकूण ३१ कोटींपैकी त्या कामासाठी मंजुरी १५.५ कोटींची होती. प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनी वाढीव पैसे मागण्याऐवजी कामच कापले. पूर्वलक्षी वेतनाचा हिशेब आपोआप करण्यासारख्या गोष्टी बाजूला ठेवल्या, मुदत आखडली आणि २०१५ मध्ये चाचणीदाखल एका खात्यात प्रणाली चालवून पाहण्याचा बेतही रद्द केला. ज्या सोयींमुळे एक सल्लागार ४०० फायली सांभाळणार होता त्या सोयी प्रणालीतून गेल्या, पण कागदावर ४०० चा आकडा तसाच राहिला आणि त्याखालचे ७ कोटीही तसेच राहिले.

२४ फेब्रुवारी २०१६ रोजी फिनिक्स पहिल्या टप्प्यात आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या टप्प्यात सुरू झाली. पाच महिन्यांनी, जुलैमध्ये, ८० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पगारात घोळ असल्याचे सरकारने मान्य केले आणि ऑक्टोबरअखेर तो निस्तरण्याची मुदत जाहीर केली. ती मुदत पाळता आली नाही. जून २०१७ मध्ये दीड लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या तक्रारी तुंबलेल्या होत्या. चुकलेल्या रकमांची बेरीज ५२ कोटी डॉलरच्या वर गेली होती, आणि पुढच्या तीन वर्षांत दुरुस्तीला सुमारे ५४ कोटी डॉलर लागतील असा सरकारचाच अंदाज होता.

आता सहाव्या महिन्यात, म्हणजे ऑगस्ट २०१६ मध्ये, प्रचलित पद्धतीने लाभाचा आढावा घेतला असता तर काय दिसले असते, याचा विचार करा. ४६ खात्यांच्या खर्चातून १,२०० जागांचे वेतन गेलेले दिसले असते. मिरामिचीचा खर्च ५५० माणसांचा दिसला असता. वजाबाकी अगदी बरोबर आली असती. काम मोजणाऱ्याला मात्र वेगळे दृश्य दिसले असते. ज्या खात्यांतून सल्लागार गेले होते तिथले व्यवस्थापक आपल्या माणसांच्या पगाराचा पाठपुरावा करण्यात दिवस घालवत होते. काही खात्यांनी कर्मचाऱ्यांना हातउसने म्हणावे तसे आगाऊ पैसे देण्याची सोय उभी केली होती. स्वतः कर्मचारी फोनवर तासन्‌तास ताटकळत होते. हे सगळे काम पूर्वी सल्लागार करत असे. आता ते हजारो लोकांत वाटले गेले होते आणि कुणाच्याही खर्चाच्या ओळीत ‘वेतन-प्रशासन’ या नावाने दिसत नव्हते. उरलेले काम फायलींच्या ढिगात पडून होते. साचलेला ढीग हे देणेच असते, पण ताळेबंदात त्याला रकाना नसतो.

बेरजा किती फसव्या असू शकतात याचे या प्रकरणातले एक उदाहरण तर मला विसरता येत नाही. महालेखापरीक्षकांनी २०१६-१७ या वर्षाच्या हिशेबासाठी कर्मचाऱ्यांचा नमुना तपासला तेव्हा त्यातल्या ६२ टक्के लोकांना वर्षात किमान एकदा चुकीचा पगार मिळाला होता. तरीही सरकारच्या एकूण वेतनखर्चाचा आकडा त्यांनी योग्य ठरवला. कारण काहींना जास्त आणि काहींना कमी पैसे गेल्यामुळे चुका एकमेकींना बऱ्याच अंशी कापत होत्या. जून २०१७ च्या आकड्यांत कमी मिळालेल्यांचे सुमारे २२.८ कोटी आणि जास्त मिळालेल्यांचे सुमारे २९.५ कोटी डॉलर होते. हिशेबतपासनिसाच्या दृष्टीने ही वजावट नियमाला धरून आहे. पण ज्या बाईला पगार न मिळाल्याने घरकर्जाचा हप्ता चुकला, तिच्या दुःखातून दुसऱ्या कुणाला गेलेले जादा पैसे वजा होतात का? आणि ते जादा पैसे परत घेण्यासाठी लागणारे श्रम कुठे धरले? लाभाच्या आढाव्यातही हेच घडते. एका विभागाची बचत आणि दुसऱ्याचा वाढलेला भार यांची निव्वळ बेरीज मांडली, की दोन्ही गोष्टी दिसेनाशा होतात. म्हणून आढाव्यात निव्वळ आकड्याआधी दोन्ही बाजू पूर्ण आकाराने, वेगवेगळ्या मांडल्या पाहिजेत.

यावर अनुभवी वित्ताधिकारी एक आक्षेप घेतात आणि तो मजबूत आहे. ते म्हणतात, बचत आधीच कापून घेतली नाही तर ती कधीच मिळत नाही. हे मी स्वतः पाहिले आहे. समजा एका प्रणालीमुळे ३०० कर्मचाऱ्यांची रोजची २० मिनिटे वाचली. दिवसाचे १०० तास, आठ तासांच्या हिशेबाने साडेबारा माणसांचे काम. प्रस्तावात लगेच साडेबारा पगार वाचल्याचे लिहिले जाते. प्रत्यक्षात कुणीच कमी होत नाही, कारण २० मिनिटांचा तुकडा ३०० जणांत विखुरलेला असतो आणि तो गोळा करून एक जागा कमी करण्याची कुणालाच गरज वाटत नाही. ओव्हरटाइम घटला, निवृत्त झालेल्याची जागा भरली नाही, बाहेरून घेतलेले कंत्राटी लोक कमी झाले, तरच तो वेळ पैशात उतरतो. म्हणून वित्तविभाग म्हणतो, आम्ही तुमच्या तरतुदीतून रक्कम आधीच काढतो, मग तुम्ही मार्ग शोधालच. या युक्तिवादात माणसाच्या स्वभावाची खरी जाण आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

तरीही तो अपुरा आहे. तरतूद कापल्याने खातेप्रमुखाला मार्ग शोधावा लागतो हे खरे, पण कोणता मार्ग? काम करण्याची रीत बदलणे हा लांबचा मार्ग आहे. काम दुसऱ्याकडे ढकलणे किंवा तुंबू देणे हा जवळचा आहे आणि दोन्ही मार्गांनी तरतुदीची ओळ सारखीच खाली येते. त्यामुळे आगाऊ कपात शिस्त लावते असे आपण समजतो तेव्हा ती प्रत्यक्षात सर्वांत सोप्या पळवाटेला बक्षीस देत असते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ती परतीचा रस्ता बंद करते. मिरामिचीत ४०० चे गृहीतक कोसळले तेव्हा जुने सल्लागार निवृत्त झाले होते किंवा दुसरीकडे गेले होते आणि वेतनाच्या ८० हजारांहून अधिक नियमांची त्यांच्या डोक्यातली जाण त्यांच्यासोबत गेली होती. सरकारला पुन्हा भरती करावी लागली. काही वर्षांत वेतनाच्या कामावरची माणसे मूळच्या ५५० च्या दुपटीहून अधिक झाली. ७ कोटींची बचत वसूल करण्याची घाई झाली नसती, निदान एक वर्ष दोन्हीकडची माणसे ठेवली असती, तर त्या वर्षाची बचत गेली असती हे कबूल. पण ती तशीही मिळालीच नाही. शिस्त हवीच असेल तर खातेप्रमुखाकडून रक्कम लिहून घ्यावी, तारीख लिहून घ्यावी, आणि आढाव्यात काम खरोखर नाहीसे झाल्याचे सिद्ध झाल्यावर त्या तारखेला तरतूद कापावी. कपात नको असे माझे म्हणणे नाही. ती मोजणीच्या मागून यावी, एवढाच आग्रह आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. सहा-आठ महिने म्हणजे फार लवकर, असे प्रणाली बसवणारे म्हणतात. सुरुवातीला कामाचा वेग मंदावतोच, लोक शिकतात, मग फायदा वर येतो. याला इतिहासाचा आधार आहे. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की अमेरिकेत १८८० च्या दशकात वीजनिर्मिती केंद्रे उभी राहिली, तरी कारखान्यांच्या उत्पादकतेत त्याचा मोठा परिणाम १९२० च्या दशकात दिसला. म्हणजे चाळीस वर्षे! मग आठ महिन्यांत कसला हिशेब मागता? पण हे उदाहरण नीट पाहिले तर ते वाट पाहण्याच्या बाजूचे नाही. वाफेच्या काळात एक मोठे इंजिन एक लांब दंड फिरवत असे आणि सगळी यंत्रे पट्ट्यांनी त्या दंडाला जोडलेली असत. ज्या कारखान्यांनी इंजिनाच्या जागी फक्त विजेची एक मोठी मोटर बसवली, त्यांना विशेष काही मिळाले नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर देऊन कामाच्या क्रमानुसार यंत्रांची मांडणी बदलली, तेव्हा फायदा आला. तो काळाने आपोआप दिला नाही, मांडणी बदलल्याने मिळाला. मग आठव्या महिन्यात अंतिम बचत मोजता येत नसली, तरी मांडणी बदलू लागली आहे का, हे नक्की पाहता येते. एका माणसामागे सुटणाऱ्या फायली दर महिन्याला वाढत आहेत का? एकच प्रकरण किती वेळा परत येते? प्रलंबित कामांतली सर्वांत जुनी प्रकरणे कमी होत आहेत, की फक्त नवी सोपी प्रकरणे सोडवून सरासरी चांगली दाखवली जाते? जुन्या वह्या आणि एक्सेलच्या समांतर फायली लोकांनी बंद केल्या का? माझ्या अनुभवात ही शेवटची खूण सर्वांत भरवशाची आहे. लोक जोवर खासगीत आपली फाइल सांभाळत असतात तोवर त्यांचा नव्या प्रणालीवर विश्वास नाही, आणि काम दुप्पट होत आहे.

वाट पाहण्याचे धोरण कुठे नेते हे ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या संगणकीकरणात दिसते. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१३ मध्ये लाभाचे अंतिम निवेदन तपासले, तेव्हा मार्च २०१२ पर्यंत ७.३ अब्ज पौंड खर्च झाले होते आणि ३.७ अब्ज पौंडांचा लाभ मिळाल्याचा अंदाज होता. एकूण लाभ अखेरीस खर्चापेक्षा जास्त होईल असे निवेदन सांगत होते, पण त्यातला सुमारे दोन तृतीयांश लाभ अजून भविष्यकाळातच होता. भविष्यातला लाभ कधी खोटा ठरत नाही, तो फक्त पुढे सरकत राहतो. त्याच देशातले दुसरे उदाहरण मात्र मला आशादायक वाटते, जरी त्यातले आकडे वाईट आहेत. परिवहन खात्याने आपल्या संस्थांचे वित्त आणि कर्मचारी-व्यवहार स्वान्सी इथल्या एका सामाईक केंद्रात आणले. केंद्र एप्रिल २००७ मध्ये सुरू झाले. दहा वर्षांत खर्च ५.५४ कोटी पौंड आणि बचत ११.२४ कोटी पौंड होईल, असा मूळ अंदाज होता. सुमारे वर्षभराने, मे २००८ मध्ये, लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब पुन्हा मांडला तेव्हा खर्च १२.१२ कोटींवर गेला होता आणि बचत ४.०१ कोटींवर आली होती. ५.७ कोटींच्या निव्वळ लाभाचा ८.११ कोटींचा निव्वळ तोटा झाला होता. संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. पण दहा वर्षांच्या योजनेत केंद्राचे पहिलेच वर्ष संपताना सगळ्यांना खरा आकडा कळला, ही गोष्ट लहान नाही. ‘लवकर मोजले’ म्हणून काहीही बिघडले नाही.

तिसरा आक्षेप श्रेयाचा आहे. नियम बदलतात, माणसे बदलतात, मग घट प्रणालीमुळे झाली हे कसे ठरवणार? हे पूर्णपणे कधीच ठरवता येत नाही, आणि प्रणाली सुरू होण्याआधीची मोजणी नसेल तर अंदाजही करता येत नाही. म्हणून ती मोजणी जुनी प्रणाली बंद होण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी करून, तारीख घालून, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाकडे ठेवून द्यावी. नंतर आठवणीने तयार केलेली ‘पूर्वीची स्थिती’ नेहमी प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसते, कारण तेव्हा ती तशी दिसणे सगळ्यांच्या सोयीचे झालेले असते.

असा आढावा कुणी करावा, हा प्रश्न उरतो, आणि कॅनडाच्या अनुभवात सर्वांत महत्त्वाचे उत्तर इथे आहे. फिनिक्स सुरू करायची की नाही याचा निर्णय ज्यांनी घेतला, प्रणालीची कामे ज्यांनी कापली आणि ती तयार आहे असे ज्यांनी वर कळवले, ते तेच मोजके अधिकारी होते. स्वतंत्र नजर नव्हती, असा २०१८ च्या अहवालाचा निष्कर्ष आहे. आपल्याकडचे हजारो मराठी अभियंते अशा प्रकल्पांवर पुण्यात, मुंबईत आणि परदेशात काम करतात, आणि आढाव्याचे सादरीकरण तयार करण्याचे काम बहुतेकदा त्यांच्यापैकीच कुणाकडे येते. त्यांना माझी विनंती आहे, की आकडा भरण्याआधी ज्या विभागातून माणसे कमी झाली त्या विभागात एक पूर्ण दिवस बसावे. महिनाअखेरीचा दिवस निवडला तर उत्तम. पूर्वी ते काम करणाऱ्या माणसाचे नाव विचारावे आणि आज ते कोण करते ते विचारावे. ‘कुणीच नाही’ असे उत्तर आले, तर ते काम आता खरोखर लागत नाही की साचले आहे, ते फायलींच्या तारखा बघून ठरवावे. ‘आम्हीच वेळ काढून करतो’ असे उत्तर आले, तर तो वेळ तासांत लिहून घ्यावा आणि बचतीच्या आकड्याशेजारच्या रकान्यात, वजा न करता, तसाच मांडावा. त्या कागदावर प्रकल्पप्रमुखाच्या सहीशेजारी त्या विभागप्रमुखाचीही सही घ्यावी, आणि तो सही द्यायला तयार नसेल तर त्याचे कारण त्याच कागदावर, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.